कॉम्प्युटर नाही, पीडीएफ फॉर्म मोबाईलवरच भरून सही करून कसा पाठवायचा?

प्रश्न: कंपनीने जॉइनिंग फॉर्मची पीडीएफ पाठवलीये, भरून सही करून आज रात्रीच परत मेल करा म्हणतात. घरात कॉम्प्युटर नाही, जवळचा सायबर कॅफे बंद झालाय. अँड्रॉइड फोन आहे फक्त. काय करू?

उत्तर:

होऊन जाईल, प्रिंटची गरज नाही. माझ्या भाच्याला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागताना अगदी असाच फॉर्म आला होता, तीन पानं, आणि तो आम्ही नाशिकरोडला घरी बसून फोनवरच भरला, तेच सांगतो.

आधी फाईल व्हॉट्सॲप किंवा मेलमधून नुसती उघडून त्यातच भरायला जाऊ नका, ती फोनमध्ये डाउनलोड करून घ्या. मग प्ले स्टोअरवरून अडोबी अक्रोबॅट रीडर घ्या, फुकटचं पुरेसं आहे, मधेच पैसे भरायचं विचारेल ते वगळून पुढे जायचं. फाईल त्यात उघडली की रिकाम्या जागेवर बोट ठेवून बघा. कर्सर आला तर फॉर्म भरण्यासाठीच बनवलेला आहे, सरळ टाईप करत जा. काहीच झालं नाही तर तो कागदाच्या फोटोसारखा आहे, बहुतेक कंपन्यांचे असेच असतात. तेव्हा `Fill & Sign` निवडायचं आणि जिथे लिहायचं तिथे टॅप करायचं, अक्षर लहानमोठं करायचं बटण तिथेच येतं. पान झूम करून भरा, नाहीतर नाव रेषेच्या खाली उतरतं आणि ते पाठवल्यावरच लक्षात येतं. पॅन नंबरच्या दहा चौकटी असतात ना, भाच्याने तो एका दमात टाईप केला तर सगळी अक्षरं पहिल्या चार चौकटीत गोळा झाली. त्यासाठी चौकटीत अक्षरं सुटी बसवणारा वेगळा पर्याय त्याच मेनूत असतो, तो घेऊन चौकटींच्या रुंदीला ओढायचा.

आता सही. बोटाने काढायची सोय आहे पण ती सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही, आणि एचआरवाले पुढे तीच सही पगाराच्या खात्याच्या कागदांशी लावून बघू शकतात, म्हणून मी तरी कागदावरचीच सही वापरायला सांगेन. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने नेहमीसारखी सही करा आणि वरून सरळ फोटो काढा. ट्यूबलाईटखाली काढताना स्वतःच्या हाताची सावली पडते आणि मग सहीमागे राखाडी डाग येतो, तेव्हा लाईटकडे तोंड करून उभे राहा. ॲपमध्ये सही तयार करताना कॅमेरा किंवा फोटो निवडला की मागचा कागद गाळून नुसती सही उरते. ती जागेवर ठेवा, रेषेला किंचित टेकेल एवढी मोठी करा, तारीख विसरू नका.

आता खरी गोची इथे आहे. कधीकधी आपल्याला सगळं भरलेलं दिसतं आणि समोरच्याला फॉर्म कोरा दिसतो, कारण भरलेला मजकूर पानावर वेगळ्या थरासारखा असतो आणि समोरचं ॲप तो दाखवेलच असं नाही. म्हणून पाठवण्याआधी फाईलवर प्रिंट दाबा आणि प्रिंटरच्या जागी `Save as PDF` निवडा. कागदाचा आकार तिथे A4 आहे ना ते बघा, Letter असेल तर पान थोडं सरकतं किंवा बारीक होतं. अशी नवी फाईल बनली की मजकूर पानातच मुरतो. ती गुगल ड्राइव्हमध्ये किंवा दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघा, तिथे सही आणि नाव दिसलं म्हणजे झालं. मूळ भरलेली फाईल मात्र ठेवून द्या, खाडाखोड करायची वेळ आली तर तीच लागते. व्हॉट्सॲपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, स्क्रीनशॉट काढून फोटो पाठवलात तर तो दाबला जाऊन बारीक अक्षरं धूसर होतात.

फॉर्म वर्डमध्ये आला असेल आणि मराठीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसत असेल तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे. फोनवर तो नीट करत बसू नका, त्यांनाच पीडीएफ करून मागा, त्यांना दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक लक्षात घ्या, ही फक्त सहीची प्रतिमा आहे. जॉइनिंग फॉर्मला, कॉलेजच्या अर्जाला बहुतेक वेळा चालते. पण फॉर्मवर डिजिटल सिग्नेचर किंवा ईसाईन असं लिहिलं असेल तर हिचा उपयोग नाही, कायद्याने ती वेगळी गोष्ट आहे, आधार ईसाईनला त्यांच्या लिंकवर जाऊन आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी टाकावा लागतो. तेव्हा ते सिम फोनमध्ये चालू आहे का ते आत्ताच बघून घ्या.