उरलेले 10 आणि उरलेले 30

«आम्ही दोघंही कमावतो. घरात 100 येत असतील तर 60 नवऱ्याचे, 40 माझे. 60 घरखर्चाला जातात, ते आम्ही निम्मे-निम्मे भरतो. तो मनात आलं की घेतो, मी मात्र पै-पै जपते. वर्षाचा विम्याचा हप्ता किंवा मोठी दुरुस्ती आली की माझीच साठवण मोडते. हल्ली मी त्याला न सांगता थोडे बाजूला टाकते. तो मला चिक्कू म्हणतो, मी त्याला उधळ्या. स्वभावच वेगळे असतील तर करायचं काय?»

स्वभाव वेगळे असतीलही, पण आधी कागद घेऊन एक वजाबाकी करा. 60चे निम्मे म्हणजे 30. ते भरल्यावर त्यांच्या हातात 30 उरतात आणि तुमच्या हातात 10. त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च तुमच्या 10मधून निघतात, कारण शिल्लक असते ती तुमच्याकडेच. ज्याच्याकडे 30 आहेत त्याला महिना सैल वाटणार आणि जिच्याकडे 10 आहेत तिचा हात आखडणार. तुम्ही ज्याला स्वभाव म्हणताय, त्यातला बराच भाग या वाटणीतून आलेला आहे. म्हणून भांडण ‘तू किती उडवतोस’ इथून सुरू करू नका. ही वजाबाकी दोघांनी मिळून बघा.

त्याआधी दोघांच्या खात्यांचे गेल्या तीन महिन्यांचे उतारे काढा आणि वर्षाचे ठोक खर्च वेगळे लिहा: विमा, दुरुस्ती, कर, सणसमारंभ, भेटी. समजा त्यांची बेरीज 72 झाली. 12 ने भागले की महिन्याला 6. हे 6 आजवर कुणाच्याच हिशेबात नव्हते, म्हणून दर वेळी ते संकटासारखे येतात आणि तुमच्यावर पडतात. ते सामायिक खात्यात दर महिन्याला बाजूला पडू लागले की निम्मी कुरबुर तिथेच थांबते.

मग ध्येयं ठरवा, पण ‘बचत करू या’ हे ध्येय नव्हे. रक्कम आणि तारीख नसेल तर जपणाऱ्याला कितीही साठलं तरी पुरेसं वाटत नाही आणि खर्चणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. दोघांनी आपापलं एक-एक ध्येय वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि मगच एकमेकांना दाखवा, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा मान डोलावणार नाही. समजा तुमचं आहे अडीनडीसाठी तीन महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 180, आणि त्यांचा आहे वर्षाअखेरीचा मोठा प्रवास, 60चा. दोन्ही ठेवा. महिन्याला 9 टाकले तर अडीनडीचा निधी 20 महिन्यांत होतो, 5 टाकले तर प्रवास 12 महिन्यांत. प्रवासाला ‘चैन’ म्हणून खाली ढकलू नका. ज्याचं एकही ध्येय यादीत नाही तो माणूस ती यादी फार दिवस पाळत नाही.

आता मांडणी अशी होते: घरखर्च 60, ठोक खर्चाचे 6, ध्येयांचे 14. एकूण 80 सामायिक खात्यात, उरले 20. हे 20 दोघांत समान वाटावेत असं माझं स्पष्ट मत आहे, प्रत्येकी 10. मोकळेपणाची गरज पगाराच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाही. मग त्यांनी 50 भरायचे आणि तुम्ही 30. तुम्ही आजही 30च भरता, पण तुमच्या 10मधून यापुढे घराची दुरुस्ती निघणार नाही. त्यांच्यासाठी मात्र 30वरून 10 हा मोठा उतार आहे, हे तुम्हीच आधी बोलून दाखवा. ते फार वाटलं तर पहिले सहा महिने कमाईच्या प्रमाणात भरा: त्यांचे 48, तुमचे 32. मग त्यांच्याकडे 12 राहतात, तुमच्याकडे 8. तेही न्याय्यच आहे. रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेरी उरेल ते टाकू म्हटलं की उरत नाही.

त्या वैयक्तिक 10वर प्रश्न विचारायचा नाही. ‘हे कितीला घेतलंस?’ हासुद्धा प्रश्नच आहे आणि भुवई उंचावणं हेही उत्तर मागणंच आहे. जपणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच, म्हणून तुमची खरी परीक्षा इथे आहे. त्यांनी 10च्या 10 एका दिवसात संपवले तरी घराचं काही अडत नाही, कारण 80 आधीच निघालेले आहेत. तुम्ही तुमचे 10 साठवून ठेवलेत तर तेही तुमचं स्वातंत्र्य, पण ‘बघ, माझे कसे उरले’ असं दाखवायला ते वापरू नका. मर्यादा दोनच ठेवा. वैयक्तिक पैसे संपले तर पुढच्या पगारापर्यंत थांबायचं, सामायिक खात्यातून उसने नाहीत. आणि हप्त्यावर किंवा क्रेडिट कार्डावर घेतलेलं, महिन्याच्या पुढे रेंगाळणारं काहीही वैयक्तिक धरायचं नाही, कारण कर्जाची झळ दोघांना लागते. सामायिक खात्यातून एका वेळी 3पेक्षा जास्त खर्च असेल तर आधी बोलायचं.

वाद होतो तो मधल्या खर्चांवर. कपडे, फोन, माहेर-सासरची मदत यांतलं सामायिक काय? एक कसोटी वापरा: तो खर्च थांबला तर दुसऱ्यालाही अडचण होईल का? होत असेल तर सामायिक. फोन लागतोच, म्हणून कामापुरत्या फोनची किंमत सामायिक आणि त्याहून भारी हवा असेल तर वरचा फरक स्वतःचा. दोन्हीकडच्या आईवडिलांची मदत मात्र वैयक्तिक पैशांत ढकलू नका. तिचा आकडा आधीच ठरवून घरखर्चात घ्या, नाहीतर एकाचे 10 दर महिन्याला तिकडेच जातात आणि स्वातंत्र्य कागदावर राहतं.

मांडणी बिघडतेय हे ओळखायची खूणही हीच आहे: कुणीतरी स्वतःच्या पैशातून घराचं सामान आणू लागतं. एकाच गोष्टीसाठी सलग तीन महिने सामायिक पैसे कमी पडले तर तिचा आकडा चुकीचा धरला आहे, तो वाढवा आणि तेवढे ध्येयांमधून कमी करा. यासाठी महिन्यातून एकदा अर्धा तास बसा, ठरवलेल्या दिवशी. त्यात फक्त 80चा हिशेब, 20चा नाही.

तुम्ही गुपचूप साठवलेले पैसे त्या पहिल्या बैठकीतच सांगा. ते निधीत घालायचे की स्वतःकडे ठेवायचे हे तुम्ही ठरवा, पण लपवलेली बचत नंतर कळली तर ती लपवलेल्या खर्चाइतकीच बोचते. सुरुवात अशी करा: «मी काही पैसे तुला न सांगता ठेवलेत, कारण माझ्याकडे 10च उरतात आणि मला भीती वाटते. आपण वाटणी पुन्हा मांडू या का?»

उतारे काढताना लपवलेलं कर्ज किंवा जुगार सापडला, किंवा उतारे दाखवायलाच नकार मिळाला, तर ही मांडणी सुरू करू नका. 50 आणि 30 एका खात्यात टाकण्याआधी त्या कर्जाचा पूर्ण आकडा समोर यायला हवा. तोवर तुमचा पगार तुमच्याच खात्यात राहू द्या आणि कर्जाबाबत मार्गदर्शन करणाऱ्या जाणकाराकडे दोघांनी जा.