दुबईच्या बँकेत पगाराचं खातं: काउंटरवरचा अरबी संवाद

प्रश्न: दुबईत नवी नोकरी लागली. पगाराचं खातं उघडताना प्रमाण अरबीत काय बोलू?

उत्तर: एवढं पुरे:

तुम्ही: उरीदु अन् अफ्तहा हिसाबा रातिब. (मला पगाराचं खातं उघडायचंय.)
कर्मचारी: हल मअक अल्-हुविया व शहादतुर्-रातिब? (ओळखपत्र आणि पगाराचा दाखला आणलाय?)
तुम्ही: नअम, तफद्दल. (हो, हे घ्या.) समोर बाई असतील तर ‘तफद्दली’.
कर्मचारी: वक्किअ हुना. (इथे सही करा.)
तुम्ही: उरीदु रकमल्-आयबान मक्तूबन. (आयबान नंबर लिहून हवाय.)

शेवटचं वाक्य पाठच करा, कारण आयबान म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर आणि पगारासाठी कंपनी हाच नंबर मागते. तो AE ने सुरू होतो आणि एकूण 23 अक्षरं-आकडे असतात. काउंटर सोडण्यापूर्वी मोजा. सही पासपोर्टवरच्यासारखीच करा.