रिंग कुठे बांधायच्या?

"गावात जिम नाही, म्हणून लाकडी रिंग मागवल्या. घरात जुनी सागवानी मयाल आहे, तिला बांधून रो, पुशअप आणि पायांचा व्यायाम सुरू करू का? वजन ७८ किलो."

भाऊ, रिंग बांधायच्या आधी दाभण घेऊन मयालीपाशी जा. मी गेलो नव्हतो. माझ्या रिंग टांगायच्या पट्ट्यावर चारशे किलोचा आकडा छापलेला होता, तो वाचून मी निर्धास्त. पण तो आकडा पट्ट्याचा, लाकडाचा नाही! गोठ्याचं आडं वरून ठणठणीत दिसत होतं, आतून उधईनं पोखरलेलं. पाचव्या रोला कटकन मोडलं आणि मी शेणाच्या जमिनीवर माकडहाडावर आपटलो. दीड महिना गाडीवर बसता आलं नाही. जिथे दाखवायला गेलो तिथे फोटो न काढताच "पडून राहा" म्हणून गोळ्या दिल्या, तो राग वेगळाच.

ठोकल्यावर पोकळ आवाज आला, दाभण सहज आत गेलं किंवा मातीची बारीक नळी दिसली, तर ती जागा सोडा. मयालीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथेही बघा, ओल तिथेच मुरते. रोमध्ये अंग तिरकं असतं, म्हणून लाकूड नुसतं खाली नाही, बाजूलाही ओढलं जातं. टिनाच्या शेडच्या बारीक पाइपाला तर बांधूच नका. मी आता कडुनिंबाच्या मांडीएवढ्या जाड, जिवंत फांदीला, खोडाजवळ बांधतो. पट्ट्याखाली बारदाना घालतो, म्हणजे साल आणि पट्टा दोन्ही घासत नाहीत.

व्यायामाचं सांगायचं तर, रिंगमध्ये वजन वाढवायचं नसतं, अंगाचा कोन बदलायचा असतो. रोमध्ये रिंग कमरेच्या उंचीवर ठेवा, टाचा टेकून मागे झुका आणि छाती रिंगपर्यंत ओढा. बारा-बाराचे तीन सेट खांदे कानाकडे न चढता झाले की पाय वीतभर पुढे सरकवा. मी पहिल्या महिन्यात फक्त दोन वीत सरकलो.

पुशअपला घाई करू नका, हे माझं मत. जमिनीवर वीस मारणाराही रिंगवर सहाव्याला थरथरतो. तेव्हा रिंग कमरेएवढ्याच ठेवा. त्या अंगापासून लांब पळू लागल्या किंवा कंबर झोळीसारखी लोंबली, की सेट तिथेच थांबवा. चार बोटं खाली आणायच्या त्या महिन्याभरानं.

पायांसाठी रिंग नुसत्या धरायला घ्या. एका पायावर हळूहळू स्टुलापर्यंत बसा, उठताना हातांनी लागेल तेवढाच आधार घ्या. आधी आठ-आठ पुरे. गुडघा दुखत असेल तर स्टूल उंच घ्या. मी डॉक्टर नाही, जुनं दुखणं असेल तर विचारून करा.

हे तिन्ही दिवसाआड करा, उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत. झालं की पट्टे काढून घरात ठेवा. ऊन पट्ट्याला हळूहळू खातं, आणि आमच्याकडे तर एक पट्टा खारीनंच कुरतडला.