फुगलेला दाणा आणि जागा झालेला दाणा

प्रश्न: आमच्या गावच्या शाळेत मोड आणण्याची स्पर्धा आहे. सुरुवातीला मला तीन-चार मिनिटं बोलायचं आहे. बी कसं जागं होतं ते मुलांनी नीट बघावं, असं काय बोलू?

उत्तर: मी यवतमाळकडच्या एका खेड्यात विज्ञान शिकवते. आमच्याकडे ही स्पर्धा झाली तेव्हा मी बोलण्याआधी एक तयारी केली होती, ती तुम्हीही करा. आदल्या संध्याकाळी मूठभर हरभरे दहा मिनिटं उकळून घ्या आणि थंड पाण्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या वाटीत तेवढेच कच्चे हरभरे भिजत घाला. सकाळी दोन्ही वाट्यांवर फक्त 'क' आणि 'ख' लिहा. दोन्हीतले दाणे टपोरे फुगलेले असतात, दुरून फरक कळत नाही. वाट्या हातात घेऊन साधारण असं बोला:

"मुलांनो, या दोन वाट्यांपैकी एका वाटीतला हरभरा जिवंत आहे आणि दुसऱ्या वाटीतला मेलेला. कोणता कोणता, सांगा बरं? नाही ना सांगता येत? कारण पाणी पिऊन फुगणं हे मेलेल्या दाण्यालाही जमतं. कोरडं लाकूडसुद्धा पावसात फुगतं, दार अडकतं की नाही? म्हणून 'फुगला' म्हणजे 'जागा झाला' असं वहीत लिहू नका.

"हरभऱ्याला एका बाजूला चोच असते. उद्यापासून त्या चोचीकडेच बघा. दाणा जागा झाला असेल तर तिथलं साल फाटेल आणि पांढरं टोक बाहेर येईल. ते पान नाही, मूळ आहे. आधी मूळ, मग कोंब. मूळ दिसलं तो दिवस आणि ती वेळ लिहून ठेवा.

"माझे बाबा मृगाच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवायचे. एका वर्षी दोन दिवसांनी मी उघडून पाहिलं आणि ओरडले, 'बाबा, सगळे फुगले!' ते म्हणाले, 'फुगले ते मोजू नोको, निंघाले ते मोज.' पाचव्या दिवशी मोजले तर त्रेसष्ट. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं, म्हणून त्या वर्षी आम्ही एकरी तेहतीस किलो पेरलं. तुम्हीही तुमच्या फडक्यातले दाणे तसेच मोजायचे आहेत.

"आणि एक करून बघा. मोड येऊ लागले की पुरचुंडीच्या मधोमध बोट घाला. कोमट लागेल. दाणा श्वास घेतोय, साठवलेलं अन्न वापरतोय, त्याची ती ऊब आहे. या दोन वाट्यांची फडकी आपण परवा उघडू, तेव्हा कोणता हरभरा जिवंत होता ते तुम्हीच मला सांगाल."

भाषण एवढंच. याहून लांबवलं तर मुलांचं लक्ष वाट्यांवरून उडतं.

बोलून झालं की दोन्ही वाट्यांतलं पाणी मुलांसमोर ओता आणि हरभरे दोन वेगळ्या ओल्या फडक्यांत बांधा. ही पायरी विसरू नका. आमच्या पहिल्या स्पर्धेत चार-पाच मुलांनी मटकी दोन दिवस पाण्यातच बुडवून ठेवली. पाण्याखाली दाण्याला हवा मिळत नाही, तो गुदमरतो. पाण्यावर फेस आला, आंबूस वास सुटला आणि मुलं रडकुंडीला आली. आठ-दहा तास भिजवायचं, मग पाणी काढून फडक्यात बांधायचं आणि सकाळ-संध्याकाळ धुवायचं, हे आधीच सांगा. सोयाबीन मात्र कुणी आणलं तर पाण्यात भिजवू देऊ नका. त्याचं साल पातळ असतं, पाणी एकदम आत शिरतं आणि चांगला दाणाही आतून फाटतो. त्याला ओलं बारदानंच हवं.

मूग-मटकीत काही दाणे न फुगता खड्यासारखे राहतात, त्यांना आपण गणंग म्हणतो. मुलं ते मेलेले समजून फेकतात. तसा एखादा दाणा खरखरीत दगडावर हलकेच घासून पुन्हा भिजवायला सांगा. बऱ्याचदा तो फुगतो आणि दोन दिवसांत मोडही येतो. त्याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आतच जात नव्हतं. आमच्या सहावीतल्या एका मुलीने असे सात दाणे घासले, त्यांतल्या पाचांना मोड आले. तिच्या वहीत प्रत्येक दाण्याचं वेगळं चित्र होतं.

त्यामुळे बक्षीस सर्वांत लांब मोडाला देऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. लांबी ऊब आणि वेळ मिळाली की वाढते. चुलीजवळ पुरचुंडी ठेवणारं मूल जिंकतं आणि ज्याने रोज बघून लिहिलं ते मागे राहतं. आम्ही निम्मे गुण शंभरातून किती निघाले त्या मोजणीला दिले आणि निम्मे वहीला.