मामेबहिणीला लिहिलेलं पत्र

प्रश्न: नागपूरला एमबीबीएसची इंटर्नशिप पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. आधीच कुणी सांगायला हवं होतं असं तुम्हाला काय वाटतं?

माझी इंटर्नशिप नागपूरलाच झाली. धाकट्या मामेबहिणीची सुरू होणार होती तेव्हा तिला हे पत्र लिहिलं होतं, तेच देते.

प्रिय चिऊ,

वर्षभर तू सगळ्यात जास्त काय करशील, तर रक्त काढशील. आणि ते आपल्याला धड कुणी शिकवत नाही.

माझी पहिलीच नाइट. छिंदवाड्याकडचे एक काका, शिरा सापडेनात. कसंबसं रक्त मिळालं. घाईत जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये जास्त गेलं, प्लेन बल्बमध्ये कमी. मग मी जांभळ्यातलं थोडं प्लेनमध्ये ओतलं. रक्त तेच, काय फरक पडतो, असं वाटलं.

तासाभरात लॅबचा फोन: पोटॅशियम 8.4. नॉर्मल साधारण 3.5 ते 5. मी इन्सुलिन-डेक्स्ट्रोजच्या तयारीला लागले. सिनियर मॅडम काकांकडे बघत राहिल्या. ते खाटेवर बसून मुलाशी गप्पा मारत होते. ईसीजी काढला, अगदी नॉर्मल. मग त्यांनी रिपोर्टमधलं कॅल्शियम दाखवलं: 5.2, म्हणजे जवळपास निम्मं. "जांभळ्यातलं ओतलंस का गं?"

ईडीटीए हे पोटॅशियमचंच मीठ असतं, आणि रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम धरून ठेवतं. त्यामुळे पोटॅशियम खोटं वाढलं, कॅल्शियम खोटं घटलं. दोन्ही एकदम दिसलं की आधी बल्बवर संशय घे. पुन्हा सॅम्पल पाठवलं, 4.2 आलं. ते इन्सुलिन गेलं असतं तर चांगल्या माणसाचं पोटॅशियम आणि साखर दोन्ही उतरवून बसले असते. पण ईसीजी नॉर्मल आहे एवढ्यावर 8.4 खोटंच असं धरायचं नाही. लगेच दुसरं सॅम्पल पाठवायचं आणि सिनियरला उठवायचं. रागावले तर रागावू देत.

म्हणून प्लेन आधी भर, जांभळा नंतर, आणि एकातलं दुसऱ्यात कधीच नाही. रक्त कमी पडलं तर पुन्हा टोचायचं, वाईट वाटलं तरी. बारीक सुईतून सिरिंज जोरात दाबून बल्ब भरू नकोस; पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं आणि पोटॅशियम तसंही खोटं वाढतं. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हाताचं रक्त घेऊ नकोस.

आणि ब्लड ग्रुपच्या सॅम्पलला तर फारच जप. बल्बवर नाव आधी लिहून ठेवायचं नाही, रक्त काढल्यावर तिथेच खाटेपाशी उभं राहून लिहायचं. "तुम्ही रामदास ना?" असं विचारलंस तर रात्री दोनला झोपेतला माणूस हो म्हणतो. "काका, पूर्ण नाव सांगा" म्हण, आणि केसपेपरशी जुळव.

तुझी ताई