हातचा बाहेर पडला म्हणजे ओव्हरफ्लो झाला का?

प्रश्न: आठ बिटांत -56 आणि -72 यांची बेरीज केली तर डावीकडून एक हातचा बाहेर पडतो. नवव्या बिटाला जागा नाही, म्हणून मी त्याला ओव्हरफ्लो म्हटलं. पण उत्तर -128 बरोबर आलं! मग या हातच्याला काय म्हणायचं?

त्याला हातचाच म्हणायचं. ओव्हरफ्लो ही वेगळी गोष्ट आहे. हातचा बाहेर पडणं ही बेरजेच्या क्रियेतली घटना, तर ओव्हरफ्लो हा उत्तराबद्दलचा निवाडा: खरं उत्तर दिलेल्या बिटांत मावलं नाही. मराठीत सांगताना मी ‘मावणे’ हेच क्रियापद वापरतो. ‘उतू जाणे’ म्हटलं की डोळ्यांसमोर डावीकडून सांडणारा बिट येतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आता तुमचंच उदाहरण मांडू.

```
  11001000   (-56)
+ 10111000   (-72)
----------
1 10000000   (-128)
```

टूज कॉम्प्लिमेंटमध्ये उजवीकडच्या सात बिटांची किंमत नेहमीसारखीच असते: 1, 2, 4 असं करत 64 पर्यंत. सगळ्यात डावीकडच्या बिटाची किंमत मात्र -128 असते. त्याला नुसतं ‘चिन्हाचा बिट’ म्हणून सोडून दिलं की पुढचं काही उलगडत नाही. म्हणूनच 11001000 म्हणजे -128 + 64 + 8, अर्थात -56.

सगळी गंमत त्या डावीकडच्या घरात आहे. तुमच्या बेरजेत तिथे दोन एक आहेत, म्हणजे दोनदा -128. उजवीकडच्या सात बिटांची बेरीज 72 + 56 = 128 होते, म्हणून त्या घरात एक हातचा येतो. पण तो उजवीकडून आलाय, त्यामुळे त्याची किंमत +128 आहे. तिन्ही मिळून -128 उरतात, आणि या घरातला एकटा एक तेवढंच दाखवतो. बाहेर पडलेला हातचा टाकून दिला तरी काही हरवलं नाही.

आता 100 + 50 करून पाहा.

```
  01100100   (100)
+ 00110010   (50)
----------
  10010110   (-106)
```

इथे डावीकडून काहीच बाहेर पडलं नाही, तरी उत्तर साफ चुकलं. डावीकडच्या घरात दोन्ही शून्यं, आणि उजवीकडून +128 चा हातचा आला. त्या घरात लिहिलेला एक फक्त -128 असाच वाचला जातो. फरक पडला 256 चा: 150 ऐवजी -106.

उलट बाजूला -100 + -50 घ्या. डावीकडे दोनदा -128, पण सात बिटांची बेरीज 28 + 78 = 106 च होते, म्हणून आत हातचा येत नाही. घरात शून्य लिहिलं जातं, -256 बाहेर जातात आणि उत्तर +106 दिसतं. इथे हातचाही पडला आणि ओव्हरफ्लोही झाला.

म्हणून कसोटी दोन हातच्यांची आहे: डावीकडच्या घरात आत येणारा आणि तिथून बाहेर पडणारा. दोन्ही सारखे असतील तर उत्तर मावलं, वेगळे असतील तर नाही. कागदावर तपासायला चिन्हं पुरतात: दोन्ही संख्यांचं चिन्ह एक आणि उत्तराचं दुसरं, तर ओव्हरफ्लो. एक धन आणि एक ऋण असेल तर बेरीज त्या दोघींच्या मध्येच कुठेतरी पडते, त्यामुळे ती न मावण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत. x86 मध्ये बाहेर पडलेला हातचा `CF` मध्ये आणि ओव्हरफ्लो `OF` मध्ये नोंदवला जातो. ARM मध्ये तेच `C` आणि `V`. बेरजेची सूचना एकच, कारण बिट चिन्हांकित आहेत की नाहीत हे बेरजेला ठाऊकच नसतं. चिन्हविरहित संख्या असतील तर `CF` पाहायचा, चिन्हांकित असतील तर `OF`. तुमचेच बिट चिन्हविरहित मानले तर ती बेरीज 200 + 184 आहे, आणि 384 आठ बिटांत खरंच मावत नाही. म्हणजे तुमचं ‘जागा नाही’ हे म्हणणं त्या वाचनात अगदी बरोबर आहे.

C मध्ये लिहिणार असाल तर एक सावधगिरी. `int` मध्ये बेरीज करून मग चिन्ह तपासू नका. तिथे चिन्हांकित ओव्हरफ्लोचं वर्तन भाषेने ठरवून दिलेलं नाही, त्यामुळे ‘असं होणारच नाही’ असं गृहीत धरून कंपायलर तुमची तपासणीच उडवू शकतो. बेरजेआधी विचारा:

```c
if ((b > 0 && a > INT_MAX - b) ||
    (b < 0 && a < INT_MIN - b)) {
    /* मावणार नाही */
}
```

`INT_MAX` आणि `INT_MIN` साठी `limits.h` घ्यावं लागेल. या दोन्ही वजाबाक्या मात्र नेहमीच मावतात, कारण `b` चं चिन्ह आधी पाहिलेलं आहे.