हिमोग्लोबिन १४, ऑक्सिमीटरवर ९८, तरी शरीराला ऑक्सिजन का मिळाला नाही?

प्रश्न: माझी बहीण बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे बेशुद्ध पडली. हिमोग्लोबिन १४ आलं, बोटावरचं मशीन ९८ दाखवत होतं. तरी डॉक्टर म्हणतात शरीराला ऑक्सिजन कमी पडला. रक्त चांगलं असताना असं कसं होईल?

उत्तर: मी भूलतज्ज्ञ आहे. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही आकड्यांमधून ते कळणं शक्यच नव्हतं.

हिमोग्लोबिनच्या तपासणीत रक्तात हे प्रथिन किती आहे एवढंच मोजलं जातं. त्यावर ऑक्सिजन बसलाय की दुसरं काही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलीलिटर ऑक्सिजन धरतं, म्हणजे १४ ग्रॅमला १०० मिलीलिटर रक्तात जवळपास १९ मिलीलिटर. विश्रांतीत शरीर त्यातले साधारण ५ काढून घेतं.

बंद बाथरूममध्ये गिझरच्या ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडासा असला तरी श्वासागणिक जागा बळकावत जातो. समजा, निम्म्या जागा त्याने घेतल्या. उरला साडेनऊ मिलीलिटर ऑक्सिजन. आता इथे थोडं थांबा, कारण खरा घात पुढे आहे. हिमोग्लोबिन ७ असलेल्या माणसाच्या रक्तातही साधारण एवढाच ऑक्सिजन असतो. असा माणूस दमतो, पांढराफटक दिसतो, पण बहुतेकदा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतो. निम्मं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला माणूस मात्र बेशुद्ध होतो, दगावूही शकतो.

फरक ऑक्सिजन सोडण्यात आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार जागा असतात. त्यातल्या एकदोन जागांवर कार्बन मोनॉक्साइड बसला की रेणूचा आकार असा होतो की उरलेल्या जागा आपला ऑक्सिजन सोडायलाच तयार होत नाहीत. तेच ५ मिलीलिटर काढून घ्यायचे तर पंडुरोगाच्या त्या रुग्णात ऊतींमधला ऑक्सिजनचा दाब २७ मिलिमीटरच्या आसपास उतरतो. कार्बन मोनॉक्साइडच्या रुग्णात तो पंधराच्या आसपास उतरावा लागतो, आणि एवढ्या कमी दाबावर मेंदूचं भागत नाही. शिवाय हा वायू पेशींच्या आतही त्रास देतो, पण तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच.

मग ९८ कुठून आलं? साधं ऑक्सिमीटर दोनच प्रकारचे प्रकाशकिरण वापरतं, एक लाल आणि एक अवरक्त. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला जवळजवळ ऑक्सिजन असलेल्यासारखंच दिसतं, म्हणून मशीन त्यालाही चांगल्यात मोजतं.

मेथहिमोग्लोबिनमध्ये हेच मशीन वेगळ्या प्रकारे फसतं. तिथे बाहेरून कुणी येऊन जागा अडवत नाही. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचंच ऑक्सिडेशन होतं आणि त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. त्याच रेणूतल्या शाबूत जागा मात्र ऑक्सिजन घट्ट धरून बसतात, म्हणजे घात तोच. कुष्ठरोगावर दिलं जाणारं डॅप्सोन, नायट्राइट, सुन्न करणारं बेंझोकेन ही त्याची ओळखीची कारणं. ओठ निळसर होतात, रक्त चॉकलेटी दिसतं आणि हवेत ठेवूनही लाल होत नाही. हे प्रमाण बरंच वाढलं की ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतं आणि मास्कने कितीही ऑक्सिजन दिला तरी हलत नाही. धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब मात्र उत्तम येतो. हे दोन आकडे एकमेकांशी जुळेनात, की मला आधी मेथहिमोग्लोबिनचीच शंका येते.

दोन्हीचं निदान को-ऑक्सिमीटरवर होतं. तो जास्त प्रकारच्या किरणांनी प्रत्येक प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळं मोजतो. उपचार मात्र वेगळे. त्रासदायक मेथहिमोग्लोबिनवर मिथिलीन ब्लू शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, सावकाश. पण जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर तेच औषध तांबड्या पेशी फोडू शकतं, म्हणून आधी विचारणा हवी. कार्बन मोनॉक्साइडवर औषध म्हणजे ऑक्सिजनच. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार ते पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर तास-दीड तास. म्हणून ९८ दिसतंय या कारणाने मास्क काढू देऊ नका. आणि को-ऑक्सिमीटरचं रक्त ऑक्सिजन सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने घेतलं असेल, तर कमी आलेल्या आकड्यावरून विषबाधा सौम्य होती असं समजू नका.

बहीण घरी आल्यावर पुढचे काही आठवडे तिच्याकडे लक्ष ठेवा. विसराळूपणा, चालताना तोल जाणं, स्वभावात बदल ही लक्षणं पूर्ण बरं वाटल्यानंतरही उशिराने दिसू शकतात. तसं वाटलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि गिझरची घटना आवर्जून सांगा. तो गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत हलवेपर्यंत घरातल्या कुणालाही वापरू देऊ नका.